दहा किलो उतरल्यावर जुनाच तक्ता: इंदूरच्या एका वहिनींचं प्रकरण

राजेंद्रनगरात राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या एक वहिनी मे महिन्याच्या शेवटी माझ्याकडे आहाराच्या सल्ल्यासाठी आल्या. सोबत फाइल होती, मोबाइलमधल्या ॲपच्या नोंदी होत्या आणि थायरॉइडचा ताजा रिपोर्ट होता. थायरॉइडमुळे वजन अडलं असणार असं त्यांना घरातल्या सगळ्यांनी सांगितलं होतं, म्हणून त्यांनी स्वतःहून तपासणी करून घेतली होती. टीएसएच अगदी ठीक होतं.

त्यांची हकीकत थोडक्यात अशी. मागच्या सप्टेंबरात वजन ७८ किलो, उंची १५८ सेंटिमीटर, वय ४२. जिमच्या प्रशिक्षकाने एक तक्ता करून दिला: रोज १४५० कॅलरी, त्यातल्या २० टक्के प्रथिनांतून, म्हणजे ७२ ग्रॅम. तो त्यांनी मनापासून पाळला. दिवाळी, लग्नसराई आणि हिवाळ्यात सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात मिळणारा तळलेला गराडू कंद असं सगळं पार करून मार्चअखेर त्या ६८ किलोंवर आल्या. त्यानंतर मात्र काटा हलेना. एप्रिल गेला, मे गेला. तक्ता तोच होता, जेवण तेच होतं, निदान त्यांना तसं वाटत होतं. त्यांचा प्रश्न सरळ होता: "ताई, आता १२०० वर येऊ का?"

ही नोंद त्या प्रश्नाच्या उत्तराची आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, हिशेब जसाच्या तसा ठेवला आहे.

आधी वजन खरंच अडलंय का

"काटा हलत नाही" हे वाक्य मी लगेच मान्य करत नाही, विशेषतः पाळी चालू असलेल्या बाईच्या बाबतीत. पाळीच्या आधीच्या आठवड्यात शरीरात पाणी साठतं आणि वजन किलो-दीड किलोने वर दिसू शकतं. महिन्याच्या पहिल्या तारखेचं वजन दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या तारखेशी ताडून पाहिलं, तर कधी चरबी मोजली जाते आणि कधी पाणी. वहिनी रोज सकाळी वजन टिपून ठेवत होत्या हे नशीब. पाळी संपल्यानंतरच्या आठवड्याची सरासरी काढली आणि बरोबर दोन चक्रांनंतरच्या, म्हणजे ५६ दिवसांनंतरच्या, त्याच आठवड्याच्या सरासरीशी तुलना केली. ६८.६ वरून ६८.०. म्हणजे अडलेलं नव्हतं, पण दोन महिन्यांत जेमतेम ६०० ग्रॅम उतरलं होतं.

एक किलो शरीरचरबीत साधारण ७७०० कॅलरी धरतात. ६०० ग्रॅमच्या ४६२० झाल्या. त्या ५६ दिवसांत वाटल्या की रोजची तूट, म्हणजे खर्चापेक्षा कमी खाल्लेल्या कॅलरी, निघते ८० च्या आसपास. सुरुवातीला हीच तूट ५०० होती. मग ४२० कॅलरी गेल्या कुठे?

सूत्र किती सांगतं

विश्रांतीच्या अवस्थेत शरीर किती ऊर्जा जाळतं याचा अंदाज काढायला मी मिफ्लिन–सेंट जिऑर सूत्र वापरते. ते १९९० चं आहे आणि आजही आहारतज्ज्ञ तेच सर्वाधिक वापरतात. बायकांसाठी ते असं: वजन गुणिले १०, अधिक उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, वजा १६१. येणाऱ्या आकड्याला हालचालीच्या गुणकाने गुणायचं. शाळेत उभं राहून शिकवणं, घरकाम आणि संध्याकाळचं फिरणं धरून वहिनींसाठी १.४ घेतला.

७८ किलोंवर हे गणित १९५५ कॅलरी देतं. त्यातून १४५० खाल्ल्या की ५०० ची तूट. जिमवाल्याचा तक्ता त्या दिवशी बरोबर होता. ६८ किलोंवर आणि आता ४३ वर्षं पूर्ण झालेल्या वयाला तेच गणित १८०८ देतं. फरक जवळपास १५० चा. त्यातल्या १४० वजनाच्या आहेत आणि उरलेल्या सात वयाच्या.

इथे एक सोपा आकडा हाती लागतो, तो वहिनींच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिला: उतरलेल्या प्रत्येक किलोमागे रोजचा खर्च १४ कॅलरींनी कमी होतो. सूत्रातले वजनाचे १०, गुणिले १.४. हलकं शरीर जिना चढायला कमी ऊर्जा घेतं, झोपेतही कमी घेतं. यात शरीराने दगा दिला असं काही नाही. किलो-दोन किलोंना हा फरक जाणवत नाही, पण दहा किलोंना १४० म्हणजे एका भाकरीहून जास्त झाल्या.

पण सूत्राप्रमाणे अजून ३५८ ची तूट उरायला हवी होती आणि महिन्याला सव्वा किलो तरी उतरायला हवं होतं. प्रत्यक्षात ८० च उरली होती. तेव्हा तक्ता जुना झाला हे खरं, तरी त्याने गोष्ट अर्धवटच उलगडते. उरलेल्या पावणेतीनशेच्या आसपासच्या कॅलरी शोधल्याशिवाय नवा आकडा लिहून देणं म्हणजे अंदाजावर अंदाज. बहुतेक ॲप इथेच चुकतात. नवं वजन टाका, ते नवा आकडा देतं, पण जुना आकडा खरोखर पाळला जात होता का हे विचारत नाही.

स्वयंपाकघरातला काटा

वहिनींना पाच दिवस सगळं वजन करून लिहायला सांगितलं. त्यांच्याकडे दिवाळीच्या चिवड्यासाठी घेतलेला डिजिटल काटा होता. अट एकच: या पाच दिवसांत सुधारायचं नाही, रोजच्यासारखंच खायचं. तेलासाठी पद्धत अशी की सकाळी तेलाची बरणी वजन करायची, स्वयंपाक झाल्यावर पुन्हा करायची आणि कोणत्या पदार्थातला किती वाटा आपल्या ताटात आला ते लिहायचं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं म्हणे, "बरणीला पण डाएट लावलंय का?"

तेल तक्त्यात चार चहाचे चमचे होतं, म्हणजे १८ ग्रॅम. प्रत्यक्षात ३३ निघालं. सुरुवातीच्या महिन्यांत त्या चमच्याने मोजत होत्या. पुढे हात बसला असं वाटून पळीने घालायला लागल्या, आणि पळीचा हात कधी खाली येत नाही. हा फरक १३५ कॅलरींचा.

दुसरी जागा अगदी इंदुरी आहे. सकाळी पोहे. इथल्या ठेल्यावरचे पोहे वाफेवर ठेवलेले असतात, तेल त्यांत तसं बेताचंच असतं. खरं तेल वरच्या शेवेत असतं. घरच्या पोह्यांना आपली महाराष्ट्री फोडणी आणि वरून पुन्हा इंदुरी शेव, असा दोन्हीकडचा मान राखला जातो. वहिनींच्या नोंदीत शेव १० ग्रॅम होती. काट्यावर मूठभर शेव २५ ग्रॅम भरली. त्या ८० कॅलरी. वरून भुरभुरायच्या जीरावन मसाल्याला मात्र काही म्हणू नका, त्यात मोजण्यासारखं काही नसतं.

तिसऱ्या प्रहरचा चहा नोंदीतच नव्हता, कारण तो स्टाफरूममध्ये आणि सुटीत शेजारी होतो. साखरेसह ७० कॅलरी. पोळीही २५ ग्रॅम कणकेची लिहिलेली आणि ३० ची निघाली. तीन पोळ्यांचे ५० झाले. एकूण नोंदीपेक्षा ३३५ जास्त.

इथेच थांबलं तर सगळा दोष वहिनींवर येतो, आणि तसं ते नव्हतं. कारण काही गोष्टी नोंदीपेक्षा कमीही निघाल्या. ॲपमध्ये "वरण, एक वाटी" निवडलं की नऊ ग्रॅम प्रथिनांचं घट्ट वरण धरलं जातं. त्यांच्या घरचं वरण आपल्याकडचं असतं तसं पातळ, भातावर पसरणारं. त्यांच्या वाटीत तूरडाळ २० ग्रॅम. तुरीत शंभर ग्रॅममागे २२ ग्रॅम प्रथिनं धरली तर वाटीत साडेचार आली. अशा दोन वाट्या रोज. उसळीच्या वाटीतही मोड आलेली मटकी कमी आणि रस्सा जास्त होता. वरण-उसळीत मिळून नोंदीपेक्षा २१५ कॅलरी कमी खाल्ल्या जात होत्या.

वजाबाकी केली की निव्वळ जास्तीचं खाणं १२० कॅलरी निघालं. म्हणजे वहीतल्या १४५० ऐवजी १५७०.

यातली एक गोष्ट मी वहिनींना दोनदा समजावली, कारण या प्रकरणाचं मर्म मला तिथे वाटतं. कॅलरींच्या चुका एकमेकींना खातात. तेल जास्त झालं, वरण कमी झालं, बेरजेत थोडाच फरक पडला. प्रथिनांच्या चुका अशा फिटत नाहीत. जे जास्त गेलं ते तेल आणि साखर, त्यांत प्रथिनं शून्य. जे कमी गेलं ती डाळ. पोळी-शेवेतून दोन-दोन ग्रॅम परत आले, पण वरण-उसळीतले चौदा गेले. म्हणून कॅलरी आठ टक्क्यांनी वर असताना प्रथिनं ७२ ऐवजी ६३ ग्रॅमच होती. ॲप मात्र रोज हिरवी खूण दाखवत होतं.

फिरणं आणि उरलेला हिशेब

इंदूरचा एप्रिल-मे कसा असतो ते इथल्यांना सांगायला नको. पारा चाळिशीच्या पार, शाळेला सुटी. मार्चपर्यंत मोबाइलमध्ये रोजची सरासरी ८५०० पावलं होती, या दोन महिन्यांत ६०००. अडीच हजार पावलं म्हणजे पावणेदोन किलोमीटरच्या आतबाहेर. ६८ किलोंच्या माणसाला त्यासाठी बसून राहण्यापेक्षा वर साधारण ६० कॅलरी लागतात.

पावणेतीनशेतल्या १२० स्वयंपाकघरात सापडल्या, ६० फिरण्यात, राहिल्या शंभरेक. यातला काही भाग शरीराच्या काटकसरीचा असू शकतो. वजन उतरताना शरीर सूत्राच्या अंदाजापेक्षाही थोडं कमी जाळायला लागतं; माणूस नकळत कमी हलतो, बसल्या जागी पाय हलवणंही कमी होतं. पण या शंभरांचा मी पाठलाग केला नाही. सूत्राचा स्वतःचाच अंदाज एखाद्या व्यक्तीसाठी दहा टक्क्यांनी सहज इकडेतिकडे होतो, आणि १८०८ चे दहा टक्के १८० होतात. ज्या मोजपट्टीची चूक १८० ची आहे, तिने शंभराचं कारण शोधू नये. "माझं मेटाबॉलिझम बिघडलं" हा निष्कर्ष काढायला तर इथे काहीच आधार नव्हता.

त्याऐवजी सूत्र बाजूला ठेवून प्रत्यक्ष आकड्यांतून खर्च काढला. खाल्ल्या १५७०, चरबीतून गेल्या ८०, म्हणजे त्या दोन महिन्यांतला रोजचा खर्च १६५०. शाळा सुरू होऊन पावलं पूर्ववत झाली की १७१०. हा आकडा सूत्राच्या १८०८ पेक्षा मला जास्त विश्वासाचा वाटतो, कारण तो याच बाईच्या, याच घरातल्या जेवणातून आला आहे. अट एवढीच की वजन एकाच टप्प्यावरच्या सरासरींचं असावं आणि खाणं काही दिवस तरी मोजलेलं असावं.

काहीच बदललं नसतं तर काय झालं असतं, हेही वहिनींनी विचारलं. ८० ला १४ ने भागलं की पावणेसहा येतात. म्हणजे १५७० कॅलरींवर आणखी पावणेसहा किलो उतरून वजन कायमचं थांबलं असतं. पण तूट दर किलोला घटत जाते, त्यामुळे त्यातलं निम्मं उतरायलाच वर्षभराहून जास्त लागलं असतं. कोण इतकी वाट बघतं? लोक त्या आधी कंटाळून तक्ता फेकून देतात.

नवा कॅलरीचा आकडा

पुन्हा ५०० ची तूट हवी म्हटलं तर १७१० मधून १२१० उरतात. वहिनी विचारत होत्या तेच १२००. मी नाही म्हटलं, त्याचं कारण पुढे येणाऱ्या प्रथिनांच्या हिशेबात आहे: शाकाहारी घरात १२०० कॅलरीत पुरेशी डाळ, दूध, भाज्या बसवल्या की पोळीला जागाच राहत नाही, आणि पोळी नसलेलं ताट मराठी शिक्षिका दोन आठवडे खाईल, दोन महिने नाही. शिवाय विश्रांतीतलाच खर्च त्यांचा १२९० च्या घरात होता.

आकडा ठरला १४००, पण काट्यावरचे १४००. कागदावर जुन्या तक्त्यापेक्षा फक्त ५० कमी. ताटात १७० कमी, कारण ताटात १५७० जात होते. पावलं पुन्हा ८५००. तूट ३१०, अपेक्षा महिन्याला सव्वा किलोच्या आसपास. पहिल्या महिन्यांसारखा वेग येणार नाही हे आधीच स्पष्ट सांगितलं. त्या वेळच्या आकड्यात सुरुवातीला उतरलेलं पाणीही होतं.

प्रथिनं उलट दिशेने

तक्ता टक्केवारीत लिहिला की एक अडचण लपून राहते. १४५० चे २० टक्के ७२ ग्रॅम, १४०० चे ७० ग्रॅम, १२०० चे ६० ग्रॅम. कॅलरी कापत गेलं की प्रथिनंही आपोआप कापली जातात. वजनाच्या पटीत लिहिलं तरी तेच: वजन दहा किलोंनी उतरलं की ग्रॅम उतरतात. प्रत्यक्षात गेलेलं वजन बहुतांश चरबीचं असतं आणि चरबीला प्रथिनांची गरज फारशी नसते. गरज स्नायूंची आहे, आणि तूट चालू असताना ते टिकवायला प्रथिनं नेहमीपेक्षा जास्त लागतात, कमी नाही.

म्हणून प्रथिनांचा हिशेब मी आजच्या वजनावर न करता ज्या वजनाला पोहोचायचं आहे त्यावर करते. वहिनींसाठी ते ६० किलो ठरवलं. १५८ सेंटिमीटर उंचीला बीएमआय २४ येतो. किलोमागे १.४ ग्रॅम धरले, ८४ ग्रॅम झाले. हा आकडा त्या ५७ किलोंच्या झाल्या तरी किंवा ६७ वर असल्या तरी बदलायचा नाही. कॅलरी खाली सरकत राहतील, प्रथिनं जागची हलणार नाहीत.

इथे राष्ट्रीय पोषण संस्थेचा आकडा बऱ्याच जणांना आठवतो: २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम. ६८ किलोंना ५६ होतात आणि वहिनी ६३ खात होत्या, मग बिघडलं कुठे? ती शिफारस वजन स्थिर असलेल्या निरोगी माणसासाठी आहे. महिनोनमहिने तुटीत असलेल्या शरीराला तीच पट्टी लावता येत नाही. वहिनींच्या बाबतीत दोन खुणाही होत्या. सप्टेंबरात त्या दहा किलोंची आट्याची पिशवी एका हातात धरून दुसऱ्या मजल्यावर नेत होत्या, आता मध्ये एकदा टेकवावी लागत होती. आणि हात न टेकवता खुर्चीतून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं ते पाहिलं, तर दहा वेळांवर मांड्या थरथरायला लागल्या. शरीर हलकं झाल्यावर हे दोन्ही सोपं व्हायला हवं होतं. जिमच्या यंत्रावरच्या स्नायूंच्या टक्केवारीपेक्षा मी या दोन गोष्टींना जास्त मान देते. ते यंत्र पाणी कमी प्यायलं तरी वेगळा आकडा सांगतं.

प्रथिनं वाढवण्याआधी क्रिएटिनिन तपासून घेतलं, ठीक होतं. मूत्रपिंडाचा आजार असता तर हा सगळा भाग मी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लिहिला नसता. मधुमेहाच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर दहा किलो उतरल्यावर त्यांचा डोसही डॉक्टरांकडून पुन्हा पाहून घ्यावा लागतो. वहिनींना तसं काही नव्हतं.

आता ८४ ग्रॅम ताटात आणायचे कसे. अंडी घरात चालत नाहीत. सकाळी पोह्यांऐवजी ५० ग्रॅम मूगडाळीची दोन धिरडी, बारा ग्रॅम. पोहे आठवड्यातून दोनदा, निम्मे, शेव मोजून १० ग्रॅम आणि सोबत वाटीभर बिनसाखरेचा चक्का. दिवसभरात दोन चहा, बिनसाखरेचे, त्यांत टोन्ड दूध २०० मिली, सहा ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या, ४० ग्रॅम कोरड्या मटकीची किंवा मसुराची उसळ, भाजी, दही, बावीस ग्रॅम. शाळेतून आल्यावर भूक खवळते, कचोरीचा मोह तेव्हाच होतो, म्हणून तिथे २५ ग्रॅम सोयावडी कांदा-टोमॅटोत परतून, तेरा ग्रॅम. रात्री घरी टोन्ड दुधाचं केलेलं पनीर ८० ग्रॅम, एक पोळी, भाजी, वीस ग्रॅम.

बेरीज ७३ झाली आणि कॅलरी १३५० च्या वर गेल्या. शाकाहारी ताटाची मर्यादा इथे दिसते. आणखी डाळ घातली की तिच्यासोबत पिठूळ कॅलरी येतात, आणखी पनीर घातलं की स्निग्धांश येतो. म्हणून अर्धा चमचा व्हे प्रोटीन, म्हणजे डब्यातल्या मापाच्या चमच्याचा अर्धा: १२ ग्रॅम प्रथिनं, ६० कॅलरी. सासूबाईंना डब्यावरचा दंडवाला माणूस बघून शंका आली. ते दह्याच्या निवळीचंच, म्हणजे दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यातलं प्रथिन वाळवलेलं असतं, हे सांगितल्यावर त्यांनी ताकात घालून स्वतःच घुसळून दिलं. एकूण ८५ ग्रॅम, १४१५ कॅलरी. पंधरा कॅलरींवर मी अडत नाही.

सोबत आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम: खुर्चीतून उठबस, भिंतीवर दंड, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं, मग हळूहळू डंबेल. स्नायूंना काम नसेल तर नुसती प्रथिनं वाढवून त्यांचा बराचसा उपयोग वाया जातो.

पुढचे दोन महिने

पहिल्या दोन आठवड्यांत वजन ३०० ग्रॅमने वाढलं. वहिनींचा फोन आला, आवाज रडवेला. नवा व्यायाम सुरू केला की दुखऱ्या स्नायूंत पाणी धरलं जातं, त्यामुळे असं होतं. या काळात पोटाचा घेर बघायचा. तो ९० वरून ८९ सेंटिमीटर झाला होता. तेव्हा आकडा बदलला असता तर पुढचं काहीच वाचता आलं नसतं.

५६ दिवसांनी, पुन्हा पाळीनंतरच्या त्याच आठवड्याची सरासरी: ६६.२. म्हणजे १.८ किलो. हिशेबाप्रमाणे सव्वादोन उतरायला हवे होते. १.८ मधून उलटा हिशेब केला तर तूट ३१० ऐवजी २५० पडली. ६० कॅलरींचा फरक. जूनमधलं एक लग्न आणि पाहुण्यांसोबत सराफ्यात गेलेल्या दोन रात्री वहिनींनी प्रामाणिकपणे लिहिल्या होत्या. भुट्ट्याचा कीस आणि साबुदाण्याची खिचडी काट्यावर ठेवता येत नाही. तेवढं पुरेसं उत्तर होतं, आकडा बदलला नाही. घेर ८७. खुर्चीतून उठणं अर्ध्या मिनिटात पंधरा. आट्याची पिशवी न टेकवता वर.

पुढचा हिशेब ६४ किलोंवर करायचा ठरला आहे. तोवर चार किलोंचे ५६ कॅलरी कमी होतील. ते तेवढेच ताटातून काढायचे की पावलं अडीच हजारांनी वाढवायची, हे तेव्हाच्या ऋतूवर ठरवू. माझा कल पावलांकडे आहे, कारण ताटात काढण्यासारखं फारसं उरलेलं नाही. प्रथिनं ८४ च.

मधे एक प्रश्न श्रावणाचा आला. इंदूरला तो दोनदा सुरू होतो, आधी इथल्या लोकांचा आणि पंधरा दिवसांनी आपला, आणि शाळेतल्या मैत्रिणींसोबत वहिनी पहिल्यापासूनच सोमवार धरतात. उपासाला साबुदाणा आला की प्रथिनं पार तळाला जातात. साबुदाण्याला हात लावायचा नाही असं सांगून उपयोग नव्हता. ठरलं ते असं: सकाळी ताकातलं व्हे पूर्ण चमचा, दुपारी राजगिऱ्याची भाकरी आणि चक्का, संध्याकाळी पनीर सैंधव-जिऱ्यावर परतून १०० ग्रॅम, आणि खिचडी हवीच असेल तर एक वाटी, दाण्याचं कूट मोजून. त्या दिवशी ६५ ग्रॅमपर्यंत प्रथिनं जातात. कमी पडलेलं मंगळवारी भरून काढायचं नाही, मंगळवारी नेहमीचं ताट.